आधी पाढे की आधी मांडणी?

दुसरीच्या वर्गात गुणाकाराची सुरुवात पाढे पाठ करून घेऊन करायची की वस्तू मांडून? ठरवण्याआधी दोन्ही तऱ्हेने शिकलेल्या मुलांना एकच प्रश्न विचारा: चार ताटल्या आहेत, प्रत्येकीत सात चिंचोके, तर एकूण किती?

ज्याला नुसता पाढा पाठ आहे ते मूल बरेचदा ‘अकरा’ म्हणतं. चार दिसले, सात दिसले, केली बेरीज. हेच मूल ‘चार साते अठ्ठावीस’ न अडखळता म्हणतं, पण त्या ओळीचा ताटल्यांशी काही संबंध आहे हे त्याला ठाऊक नसतं. पाढा मधूनच विचारला की ते ‘चार एके चार’पासून सुरू करतं. वाटेत एक ओळ गळली तर पुढची सगळी उत्तरं सरकतात आणि चूक तपासायला त्याच्या हाती काहीच नसतं.

मांडून शिकणारं मूल सात-सात झाकणांच्या चार ओळी लावतं. (ओळींसाठी बाटल्यांची एकसारखी झाकणंच घ्या, चिंचोके लहानमोठे असतात, ओळी वाकड्या होतात.) आता त्याला बाजूला येऊन बसायला सांगा. तिथून त्याच झाकणांच्या चार-चारच्या सात ओळी दिसतात. सात चोक आणि चार साते एकच, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं की पाठ करायचं ओझं जवळजवळ निम्मं होतं.

पुढे सहा साते अडलं, तर सात-सातच्या सहा ओळी लावून प्रत्येक ओळीत पाच झाकणांनंतर उभी पट्टी ठेवायची. डावीकडे सहा पाचे तीस, उजवीकडे सहा दुणे बारा, मिळून बेचाळीस. विसरलेलं उत्तर पुन्हा शोधायची ही वाट नुसत्या घोकंपट्टीतून क्वचितच सापडते.

मांडणीत धोकाही आहे. काही मुलं महिनोन्‌महिने एक, दोन, तीन करत अठ्ठावीसपर्यंत मोजत राहतात. अशा वेळी पहिली ओळ उघडी ठेवून बाकीच्या रुमालाने झाका. मूल ‘सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस’ असं उड्या मारत म्हणू लागलं की त्याने स्वतः तयार केलेला पाढा वहीत लिहून घ्या आणि मग तो जरूर पाठ करून घ्या. ४७ गुणिले ६ करताना सहा साते शोधत बसावं लागलं, तर हातचा विसरलाच म्हणून समजा. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाठांतर हवंच, पण मांडणीनंतर.

घरी आजीकडून पाढे शिकून आलेल्या मुलाला थांबवू नका. त्याने ‘तीन चोक बारा’ म्हटलं की झाकणं पुढे करा आणि म्हणा, “हे मांडून दाखव बरं.”