समायोज्य पिनांवरची पुस्तकांची मांडणी : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अकरा महिन्यांपूर्वी मी पुस्तकांसाठी एक उंच मांडणी घेतली. तिची आतली रुंदी ८६० मिलिमीटर आणि खोली २८० मिलिमीटर आहे. तळाची आणि माथ्याची फळी पक्की बसवलेली असून मधल्या चार फळ्या पिनांवर नुसत्या टेकवलेल्या आहेत, म्हणजे त्यांची उंची हवी तशी बदलता येते. फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या पार्टिकल बोर्डाच्या आहेत. बाजूच्या दोन्ही उभ्या फळ्यांना पुढे आणि मागे छिद्रांची एकेक ओळ आहे. छिद्राचा व्यास ५ मिलिमीटर आणि एका छिद्राच्या मध्यापासून पुढच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर ३२ मिलिमीटर. तयार फर्निचरमध्ये हे माप इतके रुळलेले आहे की पिन हरवली तर त्या मापाची दुसरी सहज मिळते. प्रत्येक फळीखाली एल आकाराच्या चार धातूच्या पिना येतात. अकरा महिन्यांत यातली एकही पिन मोडली नाही किंवा वाकली नाही, आणि तरीही माझी सगळी डोकेदुखी पिनांच्या संदर्भातलीच होती. ती कशी, हे सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

खालून दुसऱ्या सैल फळीवर मी शब्दकोशांचे आणि कोशांचे जाड खंड लावले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले तेव्हा दहा सेंटिमीटर जागा व्यापणारे खंड साधारण साडेतीन किलो भरले, म्हणजे पूर्ण फळीवर तीस किलोंचा भार झाला. पहिल्याच आठवड्यात फळी मध्ये किंचित खाली गेल्यासारखी वाटली. नुसत्या नजरेवर विसंबू नये म्हणून मी फळीच्या पुढच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला आणि मधोमध दोरा व फळी यांच्यातले अंतर पट्टीने मोजले. ते ६ मिलिमीटर होते. चार महिन्यांनी, एकही पुस्तक न वाढवता, तेच अंतर १० मिलिमीटर झाले होते. पार्टिकल बोर्डाचा हा स्वभाव खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही: भार तोच राहिला तरी फळी महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहते, आणि भार काढल्यावर पूर्ण सरळही होत नाही. मी सगळे खंड उतरवले तेव्हा सुमारे ४ मिलिमीटरचा बाक तसाच राहिला.

पहिला उपाय मी चुकीचा केला. आधार कमी पडतो असे समजून मी दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या पिनांच्या मध्ये नवे छिद्र पाडून आणखी एकेक पिन बसवली. चारांच्या सहा पिना झाल्या, पण मधला बाक जराही कमी झाला नाही. कारण विचार केल्यावर सरळ आहे. तीस किलो पुस्तके आणि तीनेक किलोंची फळी मिळून प्रत्येक पिनेवर आठ किलोंच्या आसपास भार येतो, आणि चांगल्या बसलेल्या धातूच्या पिनेला तो मुळीच जड नाही. वाकत होती ती फळी, आणि फळी वाकणे ठरते ते दोन आधारांमधल्या आडव्या अंतरावर. टोकांना कितीही पिना लावल्या तरी ते अंतर ८६० मिलिमीटरच राहते.

या अंतराचा परिणाम किती तीव्र असतो ते समजून घेतल्याशिवाय योग्य उपाय सुचत नाही. सारख्याच दाटीने पुस्तके भरलेली फळी घेतली तर तिचा बाक अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे आधारांमधले अंतर निम्मे केले तर बाक निम्मा नव्हे, तर सोळावा हिस्सा उरतो, आणि ८६० ऐवजी ६०० मिलिमीटर रुंदीची मांडणी घेतली असती तरी बाक पाव हिश्श्यावर आला असता. फळीची जाडी वाढवण्याचाही उपयोग होतो, पण तो तिसऱ्या घाताने: १८ ऐवजी २५ मिलिमीटरची फळी टाकली तर बाक एक तृतीयांशाच्या थोडा वर राहतो. म्हणून जाड फळीपेक्षा मधला आधार कितीतरी जास्त देऊन जातो, हे माझे मत मोजमापांवरच बनले आहे.

मधल्या आधारासाठी बरेच जण मागच्या पाठीत पाचवी पिन बसवतात. माझ्या मांडणीची पाठ ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डाची आहे, तिच्यात पिन धरून राहूच शकत नाही. शिवाय फळी मध्यावर टेकली की एकूण भाराचा जवळजवळ पाच अष्टमांश भाग त्या एकट्या मधल्या आधारावर येतो, म्हणजे माझ्या फळीच्या बाबतीत सुमारे वीस किलो. पाठ १८ मिलिमीटरच्या प्लायवुडची असती तर पिन टिकली असती, पण तिथेही एक अडचण उरते: मागची कड उचलून धरली जाते आणि पुढची कड तशीच झुकत राहते, त्यामुळे फळी पिळवटते आणि पुस्तके पुढच्या बाजूला कलतात. आधार पुढून मागपर्यंत सलग हवा.

म्हणून मी फळीच्या खाली मधोमध, तिच्या पूर्ण खोलीइतकी रुंद, १८ मिलिमीटर प्लायवुडची एक उभी फळी टेकू म्हणून ठेवली. इथे दोन गोष्टी नीट सांभाळाव्या लागतात. पहिली टेकूच्या उंचीची. दोन सैल फळ्यांच्या पिनांमध्ये जितक्या छिद्रांचे अंतर असेल त्याला ३२ ने गुणावे आणि त्यातून फळीची जाडी वजा करावी. माझ्याकडे दहा छिद्रांचे अंतर आहे, म्हणजे ३२० वजा १८, असे ३०२ मिलिमीटर. या हिशेबाने टेकू कापले की फळी एखादे छिद्र वरखाली केल्यावर कोणत्या मापाचा टेकू लागेल ते आधीच कळते. तळाच्या पक्क्या फळीपासून पहिल्या सैल फळीपर्यंतचे अंतर मात्र या हिशेबात बसेलच असे नाही, ते वेगळे मोजावे. टेकू एक मिलिमीटर उंच झाला तर फळी पिनांवरून उचलली जाते आणि टोकांना डगमगते. अर्धा मिलिमीटर बुटका झाला तर काही बिघडत नाही, फळी तेवढी खाली येऊन टेकूवर बसते. मी मुद्दाम किंचित बुटका कापून वर जाड कागदाची एक घडी सरकवली. फळीला आधीचा ४ मिलिमीटरचा बाक होता, म्हणून बसवताना ती पालथी केली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. टेकूवर आलेला भार नाहीसा होत नाही, तो खालच्या फळीच्या मधोमध उतरतो, आणि एकाच जागी मध्यावर आलेला भार तेवढ्याच पसरलेल्या भारापेक्षा फळीला दीडपटीहून अधिक वाकवतो. म्हणून टेकूखाली टेकू, अगदी एका रेषेत, तळापर्यंत हवा. माझ्या मांडणीत तळाची फळीही जमिनीपासून उचललेली असल्यामुळे तिच्या खाली मधोमध लाकडाचा एक ठोकळा घट्ट बसवला. दोन फळ्यांचा मिळून चाळीस किलोंच्या आसपासचा भार आता सरळ जमिनीवर जातो. या रचनेला सात महिने झाले. दुसऱ्या फळीवर त्याच खंडांसह दोरा ताणून पाहतो तेव्हा टेकूच्या दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरही अंतर दिसत नाही.

फळी बदलताना एक नुकसान लक्षात आले, जे मी बाक आधीच मोजला नसता तर कळलेच नसते. वाकलेल्या फळीची टोके कलतात, तिचा भार पिनेच्या मुळाशी न पडता पिनेच्या बाहेरच्या टोकावर पडतो आणि पिन तरफेसारखी छिद्राची खालची कड दाबू लागते. डाव्या बाजूचे पुढचे छिद्र असे लंबगोल झाले होते: पिन बोटाने हलत होती आणि तिच्या वरच्या बाजूला छिद्राच्या तोंडाशी बारीक फट दिसत होती. अशी फट दिसली तर नवी पिन घालून उपयोग नाही. मी ते छिद्र ८ मिलिमीटरच्या बिटने साफ केले, त्यात लाकडी गोंद लावून ८ मिलिमीटरची लाकडी खुंटी ठोकली, दुसऱ्या दिवशी कड सपाट करून मधोमध पुन्हा ५ मिलिमीटरचे छिद्र पाडले. बाजूची फळी १८ मिलिमीटरचीच असल्याने बिट आरपार जाऊ नये म्हणून त्यावर १२ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली होती. ती पिन तेव्हापासून घट्ट आहे.

वरच्या दोन फळ्यांवर कादंबऱ्या आणि हलकी पुस्तके आहेत, तिथे मध्ये आडोसा नको होता. त्यांच्या पुढच्या कडेला मी कठीण लाकडाची ४० मिलिमीटर उंच आणि १८ मिलिमीटर जाड पट्टी गोंद आणि स्क्रूने जोडली, वरची कड फळीशी सपाट ठेवून. आधी ४ मिलिमीटर असलेला बाक जेमतेम एक मिलिमीटर राहिला. याची किंमत अशी की पट्टी फळीच्या खाली २२ मिलिमीटर उतरते, म्हणून खालच्या कप्प्यातले उंच पुस्तक तिरपे करून काढावे लागते आणि फळी एक छिद्र वर सरकवावी लागली.

ज्यांना हीच मांडणी पिनांवर आहे तशी वापरायची आहे, त्यांनी जड खंड मध्ये न लावता दोन्ही टोकांना, बाजूच्या फळ्यांलगत लावावेत आणि मधल्या भागात पातळ पुस्तके ठेवावीत. त्याने बाक कमी होतो, पण तीस किलोंचे खंड पूर्ण फळीभर भरायचे असतील तर तेवढ्याने भागत नाही. पिनांच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. ८६० मिलिमीटरचा मोकळा पल्ला आणि १८ मिलिमीटरचे पार्टिकल बोर्ड ही जोडी जड पुस्तकांसाठी म्हणून विकली गेली, ही तक्रार मात्र आहे. अजून एक काम बाकी आहे: मांडणीची आतली रुंदी माथ्याशी ८६० आणि मध्यावर ८६३ मिलिमीटर भरते, म्हणजे बाजूच्या फळ्या बाहेर फुगू लागल्या आहेत आणि पिनांवर फळीची टेकण तेवढी कमी झाली आहे. पुढच्या आठवड्यात मधली एक फळी लोखंडी कोन आणि स्क्रू लावून दोन्ही बाजूंना कायमची पक्की करणार आहे.