वाळवून ठेवायला लसूणघास की ओट?

दोन-चार जनावरं आणि पाच-दहा गुंठ्यांचा चारा असेल, तर उन्हाळ्यासाठी काय वाळवून ठेवायचं हा प्रश्न दर हिवाळ्यात येतोच. आमच्याकडे दोन्ही झालंय.

पोषणात घास वरचढ, त्यात वाद नाही. वेळेवर कापला तर ओटाच्या जवळपास दुप्पट प्रथिनं. शिवाय ओला घास जास्त खाऊन पोट फुगायची भीती वाळवल्यावर बरीच कमी होते. शंभर झाडांत दहाएक फुलली आणि बुडातून नवे कोंब डोकावू लागले, की कापायचा. ओट निम्म्या लोंब्या फुलल्यावर. दाणा दुधाळ होईपर्यंत चालेल, पुढे काडी होते.

माझं घोडं अडलं ते पाल्यावर. घासाचा पाला उन्हात लगेच कुरकुरीत होतो, काडी मात्र आतून ओलीच. काडीसाठी थांबलो तर हात लावताच पाला झडतो, पाल्यासाठी घाई केली तर गंजीत बुरशी. शंभर किलो ओल्या घासाचा 23-24 किलो वाळलेला चारा होतो, त्यात जवळपास निम्मा पाला. त्यातला तिसरा हिस्सा सांडला तर चार किलो मातीत. वजनाला फार वाटत नाही, पण बहुतेक प्रथिनं त्याच पाल्यात असतात.

उपाय आहे. पहिल्या दिवशी उन्हात कोमेजू द्यायचा, मग ताडपत्रीवर सावलीत पातळ पसरायचा आणि पहाटे दहिवराने पाला मऊ असतानाच उलटायचा. पण आमच्याकडे पहाट म्हणजे धारांची वेळ. दोन्हीकडे पुरतील एवढे हात घरात नाहीत.

ओटाचं पान काडीला धरून राहतं, भर दुपारी उलटलं तरी फारसं बिघडत नाही. फसवतात त्या गाठी. वरून काडी खडखडीत आणि गाठ ओली. म्हणून गाठीजवळ नखाने खरवडून बघतो. साल सुटली तर अजून एक ऊन. शंका राहिलीच तर कोरड्या बरणीत मूठभर तुकडे आणि चमचाभर मीठ घालून हलवायचं. मिठाचे गोळे झाले तर गंजी लावायची नाही. पाणी 15 टक्क्यांच्या आत हवं. 20 च्या वर गेलं की गंजी आतून तापते, आणि फारच ओली असली तर पेटूही शकते.

दोन्हींची गंजी जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पहिले दोन-तीन आठवडे मध्ये लोखंडी गज खोचून ठेवायचा. अधूनमधून उपसून बघायचा, हाताला चटका बसला तर गंजी मोडून परत पसरायची. बुरशी धरलेला चारा गाभण गाईपुढे तर मुळीच टाकू नये.

घरात पहाटे मोकळं माणूस असेल, किंवा शेळ्याच असतील आणि चारा थोडाच लागत असेल, तर घास जरूर वाळवावा. मी घास हिरवाच कापून घालतो आणि गंजी ओटाची लावतो. प्रथिनांची तूट मूठभर पेंडीने निघते.