एकच लांब एक्स्पोजर की १६ फ्रेमची सरासरी? रंकाळ्यावर दोन्ही करून बघितलं

धाकट्या मावसभावानं मागच्या महिन्यात विचारलं, दादा, रात्रीच्या फोटोला लई दाणे येतात, ट्रायपॉडवर ३० सेकंदाचा एकच फोटो काढू की २-२ सेकंदाचे भरपूर काढून नंतर त्यांची सरासरी काढू, लोक दोन्ही सांगतात. मी त्याला तोंडी काहीतरी सांगितलं पण मलाच समाधान झालं नाही, म्हणून दोन संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठी, संध्यामठाच्या बाजूला ट्रायपॉड लावून एकाच जागेवरून दोन्ही पद्धतीनं काढून बघितलं. समोर पाणी, पाण्यात दिव्यांची लांब प्रतिबिंबं, पलीकडं काठावरची काळीकुट्ट झाडी. म्हणजे एकाच फोटोत लख्ख उजेड पण आहे आणि जवळजवळ काहीच उजेड नाही अशी जागा पण आहे, आणि निर्णय नेमका ह्या दोन टोकांवरच ठरतो.

आधी सरासरीनं दाणे कमी का होतात ते बघू. कॅमेरा हलला नाही तर एका पिक्सेलवरचा खरा उजेड, म्हणजे सिग्नल, प्रत्येक फ्रेममध्ये तोच असतो, पण चूक, म्हणजे नॉइज, दरवेळी वेगळी असते, कधी थोडी वर कधी थोडी खाली. १६ फ्रेम मिळवल्या की खरा सिग्नल १६ पट होतो. चुका मात्र एकमेकीला खात खात वाढतात, त्यांचं व्हेरिअन्स, म्हणजे चुकीच्या वर्गाची सरासरी, १६ पट होतं म्हणजे चूक फक्त ४ पट. १६ नं भागलं की सिग्नल जागेवर आणि नॉइज चौथ्या हिश्शावर. सूत्रात लिहायचं तर एका फ्रेमचा नॉइज σ असेल तर N फ्रेमच्या सरासरीचा नॉइज σ/√N आणि व्हेरिअन्स σ²/N. इथंच एक गोष्ट मनात पक्की करा, नॉइज अर्धा करायला फ्रेम चौपट लागतात, ४ फ्रेमला अर्धा, १६ ला पाव, आणि पुढचा अर्धा पाहिजे तर थेट ६४. पहिल्या चार फ्रेमना जो फरक डोळ्याला दिसतो तेवढा पुढच्या बारा मिळून देतात.

आता तुलना. ३२ सेकंदाचा एक फोटो आणि २ सेकंदाचे १६, एकूण उजेड दोन्हीकडं सारखाच गोळा होतोय. मग फरक कशाचा? रीड नॉइजचा. सेन्सरवरचा आकडा वाचताना कॅमेरा प्रत्येक वेळी थोडी चूक घालतो, लांब एक्स्पोजरमध्ये ती एकदाच पडते आणि १६ फ्रेममध्ये १६ वेळा. सेन्सरवर उजेड इलेक्ट्रॉनच्या रूपात जमतो, तर हिशेबासाठी रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन धरा, म्हणजे व्हेरिअन्स ९. उजेडाचा स्वतःचा पण नॉइज असतो आणि त्याचं व्हेरिअन्स जमलेल्या इलेक्ट्रॉनच्या आकड्याएवढंच असतं.

प्रतिबिंबाच्या जागी २ सेकंदात २००० इलेक्ट्रॉन जमले समजा. तिथं ९ ची काय किंमत, दोन्ही पद्धतीत सिग्नल नॉइजच्या साधारण १७९ पट येतो, कुणाला फरक ओळखता येणार नाही. मधल्या अंधारात, जिथं २ सेकंदात २० जमतात, एका फ्रेमचं व्हेरिअन्स २० + ९ = २९, १६ फ्रेमनंतर सिग्नल नॉइजच्या जवळपास १५ पट, तर एका लांब फोटोत १७.६ पट. थोडा तोटा आहे पण चालतंय. आता पलीकडची झाडी घ्या, २ सेकंदात फक्त २ इलेक्ट्रॉन. एका फ्रेमचं व्हेरिअन्स ११ आणि त्यात उजेडाचा वाटा २ च, बाकी सगळी वाचण्याची चूक. १६ फ्रेमची सरासरी काढून २.४ पट मिळतात, लांब फोटो सरळ ५ पट देतो. झाडीसाठी लांब फोटोची बरोबरी करायची तर २ सेकंदाच्या सुमारे ७० फ्रेम काढाव्या लागतील. एकूण वेळ सारखा म्हणजे निकाल सारखा, हे जे सगळीकडं सांगितलं जातं ते अंधाऱ्या भागाला लागू नाही.

मग लांब फोटोच घ्यावा का? माझ्या ३२ सेकंदाच्या फोटोत झाडी खरंच सुंदर आली, पानांचे गुच्छ कळत होते, पण दिव्यांची प्रतिबिंबं पांढरी फट्ट. पाण्यावरची ती पिवळी थरथर, जिच्यासाठी मी गेलो होतो, तीच जळून गेली आणि जळलेलं परत येत नाही. आणि दुसऱ्या एका लांब फोटोच्या मधे एक स्कूटर वळली, तिचा हेडलाइट थेट लेन्सवर आला आणि अख्खा फोटो वाया. १६ फ्रेम काढतानाही अशीच एक स्कूटर आली, पण ती एकाच फ्रेममध्ये होती, ती फ्रेम काढून टाकली, १५ ची सरासरी केली, नॉइजमध्ये पडलेला फरक ३ टक्क्यांच्या आसपास, दिसतसुद्धा नाही. वाऱ्यानं ट्रायपॉड हलला तरी हेच, एक फ्रेम जाते, संध्याकाळ जात नाही. आणि ट्रायपॉडच नसेल, हातात कॅमेरा धरून महाद्वार रोडला काढायचं असेल तर तुलना करायचीच गरज नाही, छोट्या फ्रेमच घ्या, हातात ३२ सेकंद कुणाचा कॅमेरा स्थिर राहणार.

जोडायचं काम अवघड नाही. रॉ मधून सगळ्या फ्रेम एकाच सेटिंगनं १६ बिट टिफ करायच्या, शार्पनिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद, व्हाइट बॅलन्स ऑटो नको, आणि मग ImageMagick ची ही एक कमांड:

```
magick f*.tif -evaluate-sequence mean sarasari.tif
```

जेपीजीवरून करू नका. कॅमेऱ्यानं आधीच दाणे पुसून चिखल केलेला असतो, तो चिखल प्रत्येक फ्रेममध्ये सारख्याच ठिकाणी बसतो आणि सरासरीनं जात नाही. हातातून काढलेल्या फ्रेम आधी Hugin मधल्या `align_image_stack` नं जुळवून घ्या. पण रंकाळ्यासारखं पाणी असेल तर सावध, ते सॉफ्टवेअर प्रतिबिंबावरचे पॉइंट पकडतं, पाणी हलतंय त्यामुळं ते पॉइंट खोटे, आणि काठावरची इमारत पुसट होते. ट्रायपॉड घट्ट असेल तर जुळवायचंच नाही.

mean च्या जागी median लिहिलं तर दुसरी निवड. फ्रेममधून बोट गेली, कुणी टॉर्च घेऊन चालत गेलं, तर सरासरीत त्याचं फिकट भूत उरतं आणि मीडियन ते पूर्ण उडवतं. किंमत मात्र आहे, साध्या यादृच्छिक नॉइजवर मीडियनचा नॉइज सरासरीपेक्षा सुमारे सव्वा पट राहतो, म्हणजे १६ फ्रेमचा मीडियन हा अंदाजे १० फ्रेमच्या सरासरीइतकाच. एखादीच फ्रेम खराब असेल तर ती काढून सरासरी घ्या, येणारी जाणारी वर्दळ असेल तर मीडियन. पाण्याला मी मीडियन लावत नाही, चमकणारे ठिपके बहुतेक फ्रेममध्ये एका जागी नसतात त्यामुळं तेच उडतात आणि पाणी मेलेलं दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सरासरी कुठं थांबते. दुसऱ्या संध्याकाळी ६४ फ्रेम काढल्या आणि आभाळाचा एक सपाट चौकोन घेऊन त्यातला नॉइज मोजत गेलो. एका फ्रेमला १२.१, चारला ६.२, सोळाला ३.५, चौसष्टला २.३. नियमानं ६४ ला १.५ यायला पाहिजे होते. जिथं अडलं ते यादृच्छिक नाहीच, सेन्सरचा पक्का ठसा आहे, उजेड नसतानाही चमकणारे गरम पिक्सेल, बारीक उभ्या आडव्या रेघा. हे प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतं म्हणून सरासरीला त्यात खायला काही नाही. हे ओळखायचं कसं? त्याच चौकोनात दोन फ्रेमची वजाबाकी करा, पक्का ठसा वजाबाकीत उडतो आणि फक्त हलता नॉइज उरतो, तो दोन फ्रेमचा मिळून असतो म्हणून √2 नं भागायचा:

```python
import tifffile
a = tifffile.imread("f01.tif").astype(float)
b = tifffile.imread("f02.tif").astype(float)
d = (a - b)[200:300, 800:900]
print(d.std() / 2**0.5)
```

माझा आकडा आला १२.० आणि वजाबाकीशिवाय होता १२.१. एका फ्रेममध्ये हा फरक कुणी मनावर पण घेणार नाही, पण १२.१ च्या वर्गातून १२ चा वर्ग वजा करा, उरलेल्याचं वर्गमूळ काढा, साधारण दीड ते पावणेदोन येतंय, आणि ६४ फ्रेमला उरलेला १.५ चा हलता नॉइज आणि हा ठसा, दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की २.३ च्या जवळपास येतं. म्हणजे पहिल्या दोन फ्रेमवरूनच कळतं की तुमच्या कॅमेऱ्यात किती फ्रेमच्या पुढं जाण्यात अर्थ नाही. माझ्याकडं ती हद्द, म्हणजे हलता नॉइज ठशाएवढाच उरतो ती जागा, साधारण ५० ते ६० च्या मधे. त्याच्या पुढं जायचं असेल तर लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर डार्क फ्रेम काढा, त्यांची सरासरी फोटोतून वजा करा. झाकण तिथंच, त्याच वेळी लावायचं, घरी येऊन नाही, कारण हा ठसा सेन्सरच्या तापमानाबरोबर बदलतो. ३० डार्क वजा केल्यावर माझा ६४ चा आकडा १.८ वर आला.

तर मावसभावाला काय सांगितलं. दोन्हीतलं एक निवडू नको, फ्रेम जेवढी लांब करता येईल तेवढी कर, जपायचा उजेड जळायच्या जरा अलीकडं थांब आणि मग संख्या वाढव. रंकाळ्यावर ८ सेकंदाला प्रतिबिंबं शाबूत होती, फक्त दिव्यांचे गाभे जळत होते आणि ते मला चालतात. ८ सेकंदाच्या ४ फ्रेममध्ये झाडीला ३.९ पट मिळतात, २ सेकंदाच्या १६ ला २.४ होते आणि लांब एकाला ५. तेवढ्याच ३२ सेकंदात. वेळ हातात असला तर ८ सेकंदाच्या १२ काढ, साधारण दीड मिनिटाचं काम, आणि कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेव, नाहीतर प्रत्येक फोटोमागं तो तेवढाच वेळ स्वतःची डार्क फ्रेम काढत बसतो.

त्यानं परवा पन्हाळ्यावरून खालच्या गावांचे दिवे काढून पाठवलेत, १० सेकंदाच्या १२ फ्रेम. एका कोपऱ्यात लाल ठिपका बाराच्या बारा फ्रेममध्ये एकाच जागी आहे, डार्क काढायला विसरला.