फराळाच्या सवलतीची सूचना: दोन मसुद्यांतून एक निवडताना

दिवाळीच्या आधी फराळाच्या सामानावर सवलत द्यायचे ठरले, की किराणा ॲप चालवणाऱ्यासमोर ग्राहकांच्या फोनवर पाठवायच्या सूचनेचे सहसा दोन वळणांचे मसुदे येतात. नाशिकमधल्या एखाद्या दुकानाने गुरुवार ते रविवार दहा टक्के सवलत ठेवली आहे, असे धरून ते दोन्ही येथे शेजारी ठेवतो.

पहिला मसुदा: «ताई, अजून फराळ केला नाही? घाई करा, शेवटचे काही तास!»

दुसरा मसुदा: «फराळाच्या सामानावर १०% सवलत, रविवारी रात्री ८ पर्यंत. भाजके पोहे, चणाडाळ, बेसन, रवा. ८०० रुपयांवरील खरेदीवर.»

पहिला मसुदा लक्ष वेधून घेतो, हे मान्य करायला हवे. परंतु त्यातला प्रश्न सामानाविषयी नसून समोरच्याच्या घराविषयी आहे. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेले असते, तिथे पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, नातेवाईकच डबे पाठवतात; अशा घरातल्या फोनवर «अजून फराळ केला नाही?» हे शब्द काय करतील, याचा विचार मसुदा लिहिताना बहुधा झालेला नसतो. «ताई» या संबोधनात आपुलकी असली, तरी किराणा बाईच मागवणार असे ते गृहीत धरते आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यातून सुटल्यावर यादी पाहून सामान मागवणाऱ्या गृहस्थाला ते विचित्र वाटते. दुसऱ्या मसुद्यात संबोधनच नसल्यामुळे «तू» की «आपण» हा पेचही उरत नाही. शिवाय सवलत रविवारपर्यंत असताना गुरुवारी «शेवटचे काही तास» म्हणणे सरळ खोटे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ॲप-संकेतस्थळांवरील युक्त्यांविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतील १३ प्रकारांत अशी खोटी निकड मोडते.

दुसऱ्या मसुद्याचा तोटा त्याच्या लांबीत आहे. फोनच्या लॉक स्क्रीनवर सूचनेची पहिली ओळ जेवढी मावते तेवढीच दिसते आणि देवनागरी अक्षरे रुंद असल्यामुळे ती लवकर तुटते. म्हणून वस्तू, सवलत आणि मुदत या क्रमाने मजकूर लिहावा; किमान खरेदीची अट शेवटी चालेल, पण ती गाळू नये, कारण ती ॲप उघडल्यावर कळली तर ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते.

सूचना किती वेळा पाठवायची, यात दोन्ही पद्धतींमधला फरक अधिक महाग पडतो. पहिल्या मसुद्याच्या बाजूने असलेले लोक बहुधा रोज एक, तीही सकाळी, असे सुचवतात. मी दोनच सूचना पाठवीन: पहिली गुरुवारी संध्याकाळी पाचला, कारण रात्रपाळी करून आलेली माणसे सकाळी झोपलेली असतात, दुसरी शनिवारी त्याच वेळी आणि तीही फक्त ज्यांनी अद्याप मागणी नोंदवलेली नाही त्यांना. ही दुसरी सूचना फायरबेस क्लाउड मेसेजिंगमधून पाठवताना तिची मुदतही घालावी लागते, नाहीतर बंद असलेला फोन सोमवारी सुरू होताच संपलेल्या सवलतीची बातमी देतो. शनिवारी पाच ते रविवारी आठ हे सत्तावीस तास होतात:

```
"android": {
  "ttl": "97200s",
  "collapse_key": "faral"
}
```

यातल्या collapse_key च्या ओळीमुळे फोन बंद असताना साचलेल्या सूचनांपैकी शेवटचीच पोहोचते. मात्र त्यासाठी दोन्ही सूचनांना हीच किल्ली द्यावी लागते.

रोजच्या सूचनांना कंटाळलेला ग्राहक तक्रार करत नाही. तो सूचनेवर बोट दाबून धरतो आणि ती बंद करतो. अँड्रॉइड ८ पासून सवलती आणि डिलिव्हरी यांच्यासाठी वेगवेगळे चॅनल ठेवता येतात. ते न ठेवता सगळे एकाच चॅनलवर सोडले असेल, तर सवलतीला वैतागलेल्या माणसाला «आपले सामान निघाले आहे» हेही कळेनासे होते, आणि मग दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या मुलाला फोनवर फोन करावे लागतात.

निवड आकड्यांवर करायची असेल, तर सूचना किती जणांनी उघडली एवढेच पाहू नये. त्या मोजमापात पहिला मसुदा जिंकण्याची शक्यता बरीच असते. ग्राहकांचे तीन गट करावेत, दोघांना एकेक मसुदा पाठवावा आणि तिसऱ्याला काहीच पाठवू नये, कारण दिवाळीत पुष्कळ जण सूचना नसतानाही चणाडाळ मागवणारच असतात. समजा, दर हजारी पहिल्या गटातून ७०, दुसऱ्यातून ६५ आणि तिसऱ्यातून ५० मागण्या आल्या, तर पहिल्याची खरी कमाई वीस आणि दुसऱ्याची पंधरा. त्या पाच जादा मागण्यांसाठी पहिल्या गटातल्या तीस जणांनी सूचना बंद केल्या असतील, तर हा सौदा तोट्याचा आहे. सूचना बंद करणाऱ्यांचा आकडा लगेच कळत नाही, ग्राहक पुढच्या वेळी ॲप उघडतो तेव्हा समजतो. म्हणून हिशेब दोन-तीन आठवड्यांनी करावा.

माझा कौल दुसऱ्या मसुद्याला आहे. निकडीची भाषा मी एकाच ठिकाणी वापरीन, जिथे ती खरी असते: «लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरपोच सेवा दुपारी १ पर्यंतच सुरू राहील.» ही सूचना आदल्या दिवशी संध्याकाळी, त्यात कोणतीही सवलत न जोडता आणि डिलिव्हरीच्याच चॅनलवरून पाठवावी.