टीव्हीचं अपडेट आपोआप होऊ द्यावं की स्वतः करावं? दोन घरांचा अनुभव

आमच्याकडे दोन स्मार्ट टीव्ही आहेत. एक फोंड्याला आमच्या फ्लॅटमध्ये, दुसरा वाळपईला आई-बाबांच्या घरी. दोन्ही घेतले तेव्हा ऑटो अपडेट चालूच होतं आणि ते तसंच राहू दिलं. पुढे एका पावसाळ्यात वाळपईचा टीव्ही बिघडला आणि त्यानंतर मी या प्रश्नाचा नीट विचार केला. नवीन टीव्ही घेतलेले दोघे-तिघे हल्ली मला हेच विचारतात, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

आधी आपोआप अपडेटची बाजू, कारण ती कमकुवत नाही. एप्रिल 2024 मध्ये एलजीच्या वेबओएसमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. बिटडिफेंडर या सुरक्षा कंपनीने शोधलेल्या या त्रुटींमुळे परक्या माणसाला टीव्हीवर स्वतःचं खातं उघडून पुढे पूर्ण ताबा घेता येत होता. ज्या सेवेत ही खोट होती ती फक्त घरातल्या नेटवर्कपुरती असायला हवी होती, तरी इंटरनेटवरून थेट दिसणारी सुमारे 91,000 उपकरणं सापडली. कंपनीने दुरुस्ती 22 मार्चला दिली आणि त्रुटी जगजाहीर झाल्या 9 एप्रिलला. म्हणजे मध्ये अठरा दिवस मिळाले. ज्यांचं ऑटो अपडेट चालू होतं त्यांना या अठरा दिवसांत काही न करता दुरुस्ती मिळण्याची संधी होती. हाताने करणाऱ्याने वर्षभर मेनू उघडलाच नसेल तर तो टीव्ही अजून तसाच असेल.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट 2017 मध्ये ब्रिटनमध्ये सॅमसंगच्या काही महागड्या टीव्हींवर एक सदोष अपडेट आपोआप उतरलं आणि ते टीव्ही वापरता येईनासे झाले. दुरुस्त अपडेट येईपर्यंत लोकांना आठवडाभर थांबावं लागलं. त्यात मालकांचा काहीच दोष नव्हता. असं क्वचित होतं हे खरं, पण दोन आठवडे थांबून अपडेट करणारा माणूस अशा प्रसंगातून सहज सुटतो.

एवढ्यावरच निर्णय घ्यायचा असता तर मी आपोआपच्या बाजूने कौल दिला असता. माझा निर्णय बदलला तो भिंतीवरच्या स्विचमुळे.

बऱ्याच टीव्हींवर आपोआप अपडेट कसं होतं ते पाहा. तुम्ही कार्यक्रम पाहत असताना फाइल मागच्या मागे उतरते. रिमोटने टीव्ही बंद केला की तो स्टँडबायमध्ये जातो आणि बसवण्याचं काम तेव्हा सुरू होतं. पडदा काळा असतो, आवाज नसतो. घरातल्या माणसाच्या दृष्टीने टीव्ही बंद झालेला असतो. आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचा स्विच बंद करायची पद्धत आहे, पावसाळ्यात तर हटकून. वीज चमकली की प्लगही काढतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे होतं असं की एरवी अपडेटला स्टँडबायचा वेळच मिळत नाही, ते महिनोन्महिने रखडतं. आणि ज्या रात्री काम सुरू होतं, नेमका त्याच रात्री पाच मिनिटांत स्विच बंद होतो.

वाळपईला बहुधा हेच झालं. चवथीला दोन आठवडे होते. आईने साडेदहाला रिमोटने टीव्ही बंद केला, दार-खिडक्या लावल्या आणि रोजच्यासारखा स्विच खाली केला. सकाळी टीव्ही सुरू केला तर पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं, पडदा काळा व्हायचा, पुन्हा चिन्ह यायचं. मी फोनवरून सांगितलं तसं बाबांनी प्लग काढला, टीव्हीच्या मागचं पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, दहा मिनिटं थांबून परत लावला. उपयोग झाला नाही. शेवटी सेवा केंद्राचा माणूस आला, त्याने पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर नव्याने भरलं आणि टीव्ही सुरू झाला. मदरबोर्ड बदलावा लागला नाही हे नशीब. पण सगळी खाती, पासवर्ड, चॅनेलची मांडणी गेली, आणि मधले नऊ दिवस त्या घरात टीव्ही नव्हता. आईला वाटत राहिलं की तिच्या हातून काहीतरी बिघडलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. तिने तीस वर्षं जे केलं तेच त्या रात्री केलं होतं, आणि टीव्हीने तिला थांब म्हणून एकदाही सांगितलं नाही.

सगळे टीव्ही असे नाजूक नसतात. अँड्रॉइडमध्ये 2016 पासून दोन जागांची सोय आहे. सॉफ्टवेअरच्या दोन प्रती ठेवायला मेमरीत दोन वेगळे कप्पे असतात. चालू प्रत एका कप्प्यात राहते, नवी दुसऱ्यात भरली जाते, आणि नवी सुरू झाली नाही तर टीव्ही जुन्यावर परततो. मध्येच वीज गेली तरी चालू प्रतीला धक्का लागत नाही. मात्र प्रत्येक उत्पादक ही सोय वापरतोच असं नाही. आपल्या टीव्हीत ती आहे का, हे मी अपडेटच्या वेळी बघून ओळखतो. सगळं काम कार्यक्रम चालू असतानाच उरकलं आणि शेवटी नेहमीइतक्याच वेळात टीव्ही बंद होऊन सुरू झाला, तर बहुधा दोन कप्पे आहेत. काळ्या पडद्यावर टक्केवारीची पट्टी आणि ‘बंद करू नका’ अशी सूचना बराच वेळ दिसली, तर एकच कप्पा आहे असं धरून चालावं. फोंड्याचा टीव्ही पहिल्या प्रकारचा आहे, त्याने कधी त्रास दिला नाही. वाळपईचा दुसऱ्या प्रकारचा.

आता वाळपईला ऑटो अपडेट बंद आहे. सॅमसंगवर हे Settings > Support > Software Update मध्ये Auto Update नावाने सापडतं. एलजीच्या जुन्या मेनूत About This TV खाली Allow automatic updates असतं. सोनीच्या गूगल टीव्हीवर System software update मध्ये Automatically check for update आहे. मॉडेलप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते. ॲपची अपडेट्स यापासून वेगळी असतात. ती मी दोन्ही घरी आपोआपच ठेवली आहेत, कारण ॲप बिघडलं तर ते काढून परत टाकता येतं.

हाताने करायचं म्हणजे ते कोणीतरी खरंच करायला हवं. मी वाळपईला वर्षातून तीन वेळा करतो: शिगम्याला, मे महिन्यात पाऊस लागण्याआधी, आणि चवथ झाल्यावर. मध्येच गंभीर त्रुटीची बातमी आली तर तेवढ्यासाठी जातो. नवी आवृत्ती आली की दहा-पंधरा दिवस थांबतो, तोवर सदोष असेल तर बोभाटा होतोच. तेवढ्या काळासाठी टीव्ही राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असतो, आणि राउटरमध्ये बाहेरून आत येणारी वाट उघडलेली नाही. त्यामुळे पंधरा दिवसांचा उशीर मला चालण्यासारखा वाटतो.

मागच्या मे महिन्यातलं सांगतो. टीव्हीच्या माहितीच्या पानावरून पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरांसकट आणि चालू आवृत्ती लिहून घेतली. शेवटची अक्षरं महत्त्वाची, कारण एकाच मालिकेत देशाप्रमाणे फाइल बदलते. कंपनीच्या भारतातल्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल फोंड्याला उतरवली, झिप उघडली, आणि FAT32 मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकली. एलजी असेल तर .epk फाइल LG_DTV नावाच्या फोल्डरमध्ये लागते, इतर बऱ्याच टीव्हींना ती कुठल्याही फोल्डरबाहेर लागते. पेनड्राइव्हचा फायदा असा की वाळपईचं नेट मध्येच तुटलं तरी फरक पडत नाही. चुकीची किंवा छेडछाड केलेली फाइल टीव्ही सहसा नाकारतो, कारण तो कंपनीची डिजिटल सही तपासतो. पण पुढे गेल्यावर जुन्या आवृत्तीवर परतायला बहुतेक कंपन्या देत नाहीत, म्हणून घाई नको.

मग वीज. टीव्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावला आणि सुरुवातीलाच मेन स्विच बंद करून पाहिलं, टीव्ही चालू राहतो का. हे आधी पाहणं गरजेचं आहे. काही इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला इतका वेळ घेतात की टीव्ही बंद पडतो. मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवावं. नुसत्या स्टॅबिलायझरवर विसंबू नये. तो व्होल्टेज सांभाळतो, गेलेली वीज देत नाही. सकाळी दहाला, आभाळ स्वच्छ असताना सुरुवात केली. पट्टी पूर्ण होऊन टीव्ही आपणहून सुरू होईपर्यंत अठरा मिनिटं लागली, तोवर पेनड्राइव्हला हात लावला नाही. नंतर आवृत्ती बदलली ना ते पाहिलं, साउंडबारचा आवाज येतो का पाहिलं, आणि गोपनीयतेचं पान उघडलं. मोठ्या अपडेटनंतर जाहिरातींची परवानगी पुन्हा विचारली जाते आणि घाईत सगळ्याला होकार दिला जातो. अपडेटचा पर्यायही पुन्हा चालू झालेला नाही ना, हेही पाहिलं.

तुमच्या घरी टीव्हीचा स्विच कोणी बंद करत नसेल, टीव्ही दोन कप्प्यांचा असेल आणि मेनू उघडणारं कोणी नसेल, तर ऑटो अपडेट चालू ठेवा. अशा घरी मीही तेच करीन. बाकी आपल्याकडच्या बहुतेक घरांत, निदान जून ते सप्टेंबर, मला हाताने केलेलं अपडेट जास्त भरवशाचं वाटतं. फोंड्यालाही मी आता नवी आवृत्ती आल्याची सूचना येऊ देतो आणि बसवतो मात्र स्वतः. वाळपईला आई अजून रोज रात्री साडेदहाला स्विच खाली करते, आणि तिने ते तसंच करत राहावं.