एमटीटी आणि अ‍ॅनेक्सिन-पीआय चाचणी: हेला पेशींवरील अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले अकरा महिने मी हेला पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींवर, औषधांचा परिणाम तपासताना एमटीटी चाचणी आणि अ‍ॅनेक्सिन-पीआय रंगक्रिया या दोन्ही पद्धती जोडीने वापरत आहे. या काळात अनेक नमुने तपासले, पण लिहिण्यासारखे त्यातले दोनच आहेत. एक म्हणजे सिस्प्लॅटिन हे सर्वपरिचित कर्करोगविरोधी औषध आणि दुसरा म्हणजे रिठ्याच्या फळांचा पाण्यात काढलेला अर्क. ठराविक मात्रांना या दोन्हींचा २४ तासांचा एमटीटीचा आकडा सारखाच, म्हणजे बिनऔषधाच्या पेशींच्या ५० टक्के आला होता, आणि तेवढ्यावर थांबले असते तर दोन्ही ‘सारखेच परिणामकारक’ असे मी लिहून मोकळी झाले असते. प्रत्यक्षात दोन्हीकडे पेशींचे जे झाले होते त्यात काहीही साम्य नव्हते.

एमटीटी ही पद्धत १९८३ साली मोसमन यांनी मांडली आणि ती आजही इतकी वापरली जाते याचे कारण तिचा साधेपणा आहे. पिवळ्या रंगाच्या एमटीटीचे जिवंत पेशीतील विकरे क्षपण करतात, त्यातून जांभळ्या फॉर्मॅझानचे न विरघळणारे स्फटिक तयार होतात, ते डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजायची. मी ९६ वेलच्या, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये दर वेलला ५,००० पेशी घालते, त्या रात्रभर चिकटू देते, मग औषध देते. शेवटी दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात बनवलेल्या एमटीटीचे १० मायक्रोलिटर प्रत्येक वेलमधल्या १०० मायक्रोलिटर माध्यमात घालून तीन तास थांबते. प्लेटच्या कडेच्या वेलमधले पाणी लवकर उडते म्हणून तिथे पेशी न घालता नुसते बफर भरते. ही शिस्त पाळली की एकाच मात्रेच्या वेलमधला फरक फारच कमी येतो.

अडचण येते ती आकड्याचा अर्थ लावताना. आमच्या प्रयोगात औषध न दिलेल्या पेशींचे वाचन १.०५, सिस्प्लॅटिन दिलेल्यांचे ०.५५ आणि पेशी नसलेल्या वेलचे ०.०५ होते. रिकाम्या वेलचे वाचन वजा केले की १.०० आणि ०.५० उरतात, म्हणून उत्तर ५० टक्के. पण या ५० टक्क्यांचा अर्थ ‘निम्म्या पेशी मेल्या’ असा होतोच असे नाही. हेला पेशी साधारण एका दिवसात दुप्पट होतात. समजा औषध न दिलेल्या वेलमध्ये ५,००० च्या १०,००० पेशी झाल्या आणि औषध दिलेल्या वेलमध्ये एकही पेशी मेली नाही, फक्त त्यांचे विभाजन थांबले, तरी तिथे ५,००० जिवंत पेशी उरतील आणि एमटीटी ५० टक्केच दाखवेल. मृत्यू आणि वाढ थांबणे यांच्यात ही चाचणी भेद करत नाही, कारण ती दिवसाच्या शेवटी वेलमध्ये एकूण किती चयापचय चालू आहे एवढेच मोजते.

म्हणूनच पहिल्या दोन महिन्यांनंतर मी एक सवय लावून घेतली, आणि अकरा महिन्यांतली सर्वांत उपयोगी सुधारणा मी हीच मानते. ज्या क्षणी औषध द्यायचे त्याच क्षणी एक वेगळी, बिनऔषधाची प्लेट एमटीटीने वाचून घ्यायची. आमच्या प्लेटचे ते सुरुवातीचे वाचन, रिकामा वेल वजा जाता, ०.५० होते. म्हणजे सिस्प्लॅटिनखाली २४ तासांत एकूण बेरीज जिथल्या तिथे राहिली होती. वाढ थांबली, की काही पेशी वाढल्या आणि तितक्याच मेल्या, हे मात्र इथेही कळत नाही. त्यासाठी अ‍ॅनेक्सिनकडे जावे लागते.

त्याआधी एमटीटीबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण दोन्हींत आमचे काही आठवडे वाया गेले. पहिली गोष्ट सिस्प्लॅटिनची. बहुतेक औषधे डीएमएसओमध्ये विरघळवण्याची सवय हाताला असते, पण डीएमएसओ स्वतःच प्लॅटिनमला जोडला जातो आणि सिस्प्लॅटिन निकामी होते. आमच्या सुरुवातीच्या प्लेटमध्ये मोठ्या मात्रेलाही पेशी निवांत वाढत होत्या त्या याच कारणाने. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात, दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात ताजे द्रावण केल्यावर २० मायक्रोमोलरला तो ५० टक्क्यांचा आकडा मिळू लागला. दुसरी गोष्ट वनस्पतींच्या अर्कांची. त्यातली पॉलिफिनॉले एमटीटीचे थेट क्षपण करू शकतात, त्यासाठी पेशीची गरजच नसते. म्हणून प्रत्येक मात्रेचा, पेशी नसलेला पण अर्क आणि एमटीटी असलेला एक वेल ठेवावा. रिठ्याच्या अर्काने असा वेल हलका जांभळा केला होता. त्यानंतर मी अर्क काढून टाकून, पेशी एकदा धुऊन, नव्या माध्यमात एमटीटी देऊ लागले.

आता अ‍ॅनेक्सिन. निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदघटक पेशीपटलाच्या आतल्या बाजूस राखलेला असतो. अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचे नियोजित मरण, सुरू झाला की तो बाहेरच्या बाजूस येतो आणि कॅल्शियमच्या साक्षीने अ‍ॅनेक्सिन-व्ही त्याला चिकटते. प्रोपिडियम आयोडाइड, म्हणजे पीआय, पेशीपटल फाटल्याशिवाय आत जाऊ शकत नाही. त्यामुळे एकेक पेशीचा रंग मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर फक्त अ‍ॅनेक्सिनने रंगलेली पेशी म्हणजे अपॉप्टोसिसच्या सुरुवातीची आणि दोन्हींनी रंगलेली म्हणजे पटल फाटलेली, असे चित्र मिळते. आलेखात पहिली खालच्या उजव्या चौकोनात आणि दुसरी वरच्या उजव्या चौकोनात दिसते. पुष्कळ जण दोन्हींनी रंगलेल्या पेशींना सरसकट ‘उशिराचा अपॉप्टोसिस’ किंवा सरसकट ‘नेक्रोसिस’, म्हणजे इजेने आलेले मरण, म्हणतात. दोन्ही चूक आहेत. शरीरात अपॉप्टोसिस झालेली पेशी भक्षक पेशी उचलून नेतात, पण प्लेटमध्ये उचलणारे कोणी नसते, म्हणून तीही काही तासांनी फुटते आणि पीआयने रंगते. उलट नेक्रोसिसमध्ये पटल फाटताच अ‍ॅनेक्सिन आत शिरून आतल्या बाजूच्या फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटते. शेवटी दोघीही त्याच वरच्या उजव्या चौकोनात येऊन बसतात आणि एकाच वेळेचे चित्र पाहून त्या कुठून आल्या हे ओळखता येत नाही.

ते ओळखता येते वाटेवरून. त्यासाठी एकाच औषधाच्या चार-पाच वेळांच्या प्लेट लावाव्या लागतात. २० मायक्रोमोलर सिस्प्लॅटिनला सहा तासांवर पेशी जवळपास बिनऔषधाच्या पेशींसारख्याच होत्या. बारा तासांवर फक्त अ‍ॅनेक्सिनने रंगलेल्या पेशी १३ टक्के झाल्या. चोवीस तासांवर त्या २४ टक्के होत्या आणि दोन्हींनी रंगलेल्या १४ टक्के. अठ्ठेचाळीस तासांवर फक्त अ‍ॅनेक्सिनच्या उतरून १७ वर आल्या आणि दोन्हींच्या ५२ वर गेल्या. पेशी आधी खालच्या उजव्या चौकोनात येतात आणि तिथून वर सरकतात, हे या आकड्यांत सरळ दिसते.

रिठ्याच्या अर्काचे चित्र पहिल्याच तासाला पूर्ण झाले होते. एका तासावर ४६ टक्के पेशी दोन्हींनी रंगलेल्या होत्या, आणि फक्त अ‍ॅनेक्सिनने रंगलेल्या ३ टक्के, म्हणजे बिनऔषधाच्या पेशींइतक्याच. पुढच्या कोणत्याही वेळेला तो खालचा उजवा चौकोन भरला नाही. रिठ्यात सॅपोनिन भरपूर असते आणि ते पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून पटलाला भोके पाडते, याच्याशी हे जुळते. चोवीस तासांवर मात्र दोन्हींनी रंगलेल्या पेशी २० टक्क्यांवर उतरलेल्या दिसल्या, आणि इथे मी काही दिवस चक्रावले होते. मेलेल्या पेशी परत जिवंत झाल्या नव्हत्या. त्या विरघळून त्यांचा चुरा झाला होता, तो आपण मोजणीतून आधीच वगळतो, आणि वाचलेल्या पेशी दरम्यान दुप्पट झाल्या होत्या. एमटीटीचे ५० टक्केही त्यावरूनच उलगडतात: सुमारे निम्म्या पेशी पहिल्या तासात गेल्या, उरलेल्या निम्म्या बिनऔषधाच्या पेशींइतक्याच जोमाने वाढल्या. सिस्प्लॅटिनखाली मात्र जवळपास कोणालाच नीट वाढता आले नव्हते.

अ‍ॅनेक्सिनची खरी कसोटी रंगक्रियेआधीच्या दहा मिनिटांत लागते. हेला पेशी प्लेटला चिकटतात, मरणाऱ्या पेशी सुटून वर तरंगतात. म्हणून वरचे माध्यम आणि धुण्याचे पाणी दोन्ही त्याच नळीत जमा करायला हवे, नाहीतर ज्या पेशी मोजायच्या त्याच सिंकमध्ये जातात. चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिनने सोडवताना वेळ जास्त झाली तर निरोगी पेशीही अ‍ॅनेक्सिन धरतात, आणि खरवडून काढल्या तर पटल फाटून पीआय धरतात. आमच्या बिनऔषधाच्या नमुन्यात सुरुवातीला १५ टक्के अ‍ॅनेक्सिन दिसत असे. ट्रिप्सिन दोन मिनिटांत सीरमयुक्त माध्यमाने थांबवल्यावर ते ४ टक्क्यांवर आले. ट्रिप्सिनमध्ये इडीटीए असतो, तो कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून थंड बफरने दोनदा धुऊनच २.५ मिलिमोलर कॅल्शियमच्या बफरमध्ये पेशी घ्याव्यात. धुणे कमी पडले तर अ‍ॅनेक्सिनचा सगळाच संकेत फिका पडतो आणि औषधच दुबळे वाटू लागते.

रंग घातल्यावर पंधरा मिनिटे अंधारात, आणि मग तासाभरात वाचन, हे मी कधीही चुकवत नाही. न रंगवलेला, फक्त अ‍ॅनेक्सिनचा आणि फक्त पीआयचा असे तीन नमुने दर वेळी ठेवते, कारण अ‍ॅनेक्सिनच्या हिरव्या रंगाचा काही भाग पीआयच्या खिडकीत, म्हणजे पीआयचा रंग मोजणाऱ्या मार्गात, सांडतो आणि तो वजा केला नाही तर खालच्या चौकोनातल्या पेशी खोट्याच वर चढतात. तपासायचे द्रव्यच चमकणारे असेल तर अधिक जपावे. डॉक्सोरुबिसिन पीआयच्या खिडकीत चमकते आणि हळदीतले करक्यूमिन हिरव्या खिडकीत. अशा द्रव्यांसाठी औषध दिलेला पण न रंगवलेला नमुनाही लागतो.

शेवटची खात्री आम्ही अपॉप्टोसिस घडवणारी विकरे रोखणाऱ्या झेड-व्हीएडी या कॅस्पेस रोधकाने केली. २० मायक्रोमोलर रोधक औषधाच्या एक तास आधी दिला. सिस्प्लॅटिनच्या २४ तासांच्या अ‍ॅनेक्सिन पेशी ३८ टक्क्यांवरून ११ वर आल्या, पण एमटीटीचा आकडा ५० वरून जेमतेम ५६ झाला. मरण रोखले तरी थांबलेली वाढ सुरू झाली नव्हती. रिठ्याच्या अर्कावर रोधकाचा काहीच परिणाम झाला नाही, एका तासाचे ४६ टक्के तसेच राहिले. आमच्या सहामाही अहवालाच्या मसुद्यात या अर्काविषयी ‘अपॉप्टोसिस घडवतो’ असे वाक्य एमटीटीच्या आधारावर आधीच लिहिले गेले होते. ते मार्गदर्शक मॅडमना हे आलेख दाखवून मी काढायला लावले आणि त्या जागी ‘पेशीपटल फोडतो, वाचलेल्या पेशींची वाढ रोखत नाही’ असे लिहिले.