होमोसिस्टीन ३२ आलं: फोलिक ॲसिड, बी-१२ की बी-६ धरून तिन्हींची एकच गोळी?

आमचे मामा खानापूर तालुक्यातले. वय ५८, माळकरी, मधुमेहासाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या म्हणून रक्त तपासलं. होमोसिस्टीन ३२ (१५ च्या आत असावं), बी-१२ १४०, म्हणजे फारच कमी. फोलेट मात्र १४, भरपूर. घरात मेथी, शेपू, हरभरा रोजचाच, त्यामुळे ते पटलंही. प्रश्न उरला तो गोळीचा.

आधी शरीरात काय होतं ते बघूया. मेथिओनिन हे अमिनो आम्ल आपला मिथाइल गट इतर कामांना देऊन टाकतं आणि मागे होमोसिस्टीन उरतं. त्याला पुढे दोन वाटा असतात. पहिल्या वाटेवर फोलेट मिथाइल गट आणतं, बी-१२ तो घेऊन होमोसिस्टीनला देतं आणि पुन्हा मेथिओनिन तयार होतं. दुसऱ्या वाटेवर बी-६ च्या मदतीने त्याचं सिस्टीन बनतं.

फोलिक ॲसिड म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप. ५ मिलिग्रॅमची गोळी सगळ्यात स्वस्त, आणि ज्याला फोलेटच कमी आहे त्याचं होमोसिस्टीन ते छान उतरवतं. मामांसाठी मात्र ही निवड चुकीची, धोक्याचीसुद्धा. बी-१२ नसलं की फोलेटकडचा मिथाइल गट घ्यायला कोणी नसतं, आणि ते त्याच रूपात अडकून पडतं. म्हणून तर रिपोर्टात फोलेट भरपूर दिसतं आणि होमोसिस्टीनही चढलेलं. वरून फोलिक ॲसिड दिलं तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी चालूच राहते.

बी-१२ एकटं दिलं की अडकलेलं फोलेटही सुटतं. मामांसाठी मी हेच निवडलं असतं. डॉक्टरांनीही नसांचा त्रास बघून आधी इंजेक्शनं आणि मग रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी दिली.

तिन्हींची गोळी फोलेट आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तेव्हा उपयोगी. बी-६ उपाशीपोटीचं होमोसिस्टीन फारसं उतरवत नाही, त्याचा हात जेवणानंतरच्या चढावर. ते जास्त मात्रेत वर्षानुवर्षं घेतलं तर त्यानेच पायांना मुंग्या येतात. ज्याला आधीच मुंग्या आहेत त्याला पुढे कारण ओळखणं अवघड जातं, म्हणून गोळीच्या पाकिटावर बी-६ किती आहे ते वाचाच.

एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. रक्त गावात काढून बेळगावला पाठवतात. पेशी वेगळ्या न करता नमुना तसाच ठेवला तर होमोसिस्टीन दर तासाला सुमारे १० टक्के वाढतं. नमुना बर्फात ठेवला होता का, तिथेच यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या होत्या का, हे विचारा. १७-१८ आकडा असेल तर फरक यानेच पडू शकतो. मामांचा ३२ होता आणि बी-१२ ही कमी, म्हणून शंका उरली नाही.

तीन महिन्यांनी त्यांचं होमोसिस्टीन १३ वर आलं. आकडा उतरला म्हणून हृदयविकाराचा झटका टळतो असं मात्र मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. २००६ च्या होप-२ मध्ये तिन्ही जीवनसत्त्वं देऊनही ते झटके घटले नाहीत. मामांच्या मुंग्या कमी झाल्या, बोटांचा बधिरपणा अजून आहे. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी शोषलं जातं आणि ते चालूच आहे, म्हणून बी-१२ ची गोळीही चालूच राहणार.